आठ मीटर मागचा बिंदू

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राच्या दुसऱ्या फेकीचा आकडा फलकावर झळकला: ८७.५८ मीटर. हे अंतर कुठपर्यंतचं, ते सगळ्यांनी पाहिलं. भाल्याचं टोक जमिनीला जिथे पहिल्यांदा टेकलं, तिथपर्यंतचं. पण ते कुठून मोजलं? नीरजचा पाय होता तिथून नाही, भाला हातातून सुटला तिथूनही नाही. नियम असा आहे की भाला पडलेल्या खुणेपासून धावपट्टीच्या मध्यावरच्या एका ठरलेल्या बिंदूकडे सरळ रेषा धरायची, आणि वाटेत लागणाऱ्या पांढऱ्या वक्र पट्टीच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर वाचायचं. तो बिंदू पट्टीच्या आतल्या कडेपासून बरोबर आठ मीटर मागे असतो. म्हणजे त्या दिवशी भाला त्या बिंदूपासून ९५.५८ मीटरवर पडला होता, आणि त्यातले आठ वजा झाले.

भालाफेकीचं सगळं मैदान या एका बिंदूवरून आखलेलं असतं. तो केंद्र मानून आठ मीटर त्रिज्येचा कंस काढला की ती पांढरी वक्र पट्टी मिळते. तिच्यापुढे पाऊल पडलं की फेक बाद. धावपट्टी चार मीटर रुंद असते. तिच्या दोन कडांना हा कंस जिथे छेदतो, त्या दोन बिंदूंमधून केंद्रापासून निघालेल्या दोन रेषा सरळ पुढे मैदानात जातात. भाला या दोन रेषांच्या आत पडायला हवा. टोक रेषेला नुसतं टेकलं तरी फेक मोजली जात नाही. दोन त्रिज्या आणि त्यांच्यामधला कंस यांनी वेढलेल्या अशा भागाला दहावीच्या पुस्तकात वर्तुळपाकळी म्हणतात. भालाफेकीची पाकळी चांगली शंभर मीटर लांब असते, आणि तिच्यावर हे गणित जितकं स्वच्छ दिसतं तितकं वहीतल्या पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या आकृतीत दिसत नाही.

नियमपुस्तकात या पाकळीचा कोन २८.९६ अंश दिलेला आहे. ३० का नाही, २५ का नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. खरं तर हा कोन अंशांत कुणी ठरवलेलाच नाही. तो वर सांगितलेल्या आखणीतून आपोआप निघतो: त्रिज्या आठ मीटर, आणि कंसाच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे जीवा, चार मीटर. जीवा त्रिज्येच्या बरोबर निम्मी. असा कोन अंशांत मोजायला गेलं की २८.९५५ असा ओबडधोबड आकडा येतो, आणि तो दोन दशांशस्थळांपर्यंत घेतला की २८.९६. आखणी सोपी आहे. आकडा कुरूप दिसतो तो अंश या मापामुळे.

आता हाच कोन दुसऱ्या मापाने मोजू. केंद्रापासून ठरावीक त्रिज्येवर कंस काढायचा आणि विचारायचं, हा कंस त्रिज्येच्या किती पट आहे? कंस त्रिज्येइतकाच लांब असेल तर कोन एक रेडियन, निम्मा असेल तर अर्धा रेडियन. रेडियन म्हणजे एवढंच. पूर्ण फेरीचा कंस हा परीघ, तो त्रिज्येच्या २π पट, म्हणून पूर्ण फेरी २π रेडियन, साधारण ६.२८. एक रेडियन म्हणजे अंदाजे ५७.३ अंश.

भालाफेकीच्या पाकळीत जीवा त्रिज्येच्या निम्मी आहे. कंस जीवेपेक्षा किंचित लांब असणार, कारण दोन टोकांमधला सरळ रस्ता सगळ्यांत आखूड. म्हणजे हा कोन अर्ध्या रेडियनहून जरासा मोठा हवा, आणि तो तसाच आहे: ०.५०५४ रेडियन. वरचं ०.००५४ हे कंस आणि जीवा यांच्यातल्या फरकाचं माप आहे, सुमारे एक टक्का. त्या पांढऱ्या पट्टीची आतली कड सरळ मोजली तर चार मीटर आणि वळणावरून मोजली तर ४.०४ मीटर भरते.

कोन असा मोजला की कंसाच्या लांबीचं सूत्र पाठ करण्यासारखं काही उरत नाही. कोन म्हणजेच कंस भागिले त्रिज्या, तर कंस म्हणजे त्रिज्या गुणिले कोन. टोकियोतल्या फेकीचा भाला केंद्रापासून ९५.५८ मीटरवर होता. त्या अंतरावर पाकळीच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंतचा कंस ९५.५८ × ०.५०५४, म्हणजे ४८.३ मीटर. दहावीच्या सूत्राने हेच काढायचं तर २८.९५५ ला ३६० ने भागायचं, मग २π ने गुणायचं, मग त्रिज्येने. उत्तर तेच येतं. त्यातली ३६० ची पायरी ‘फेरीचा कितवा भाग’ हे काढण्यासाठी आणि २π ची पायरी ‘एका फेरीत किती त्रिज्या’ हे सांगण्यासाठी. कोन आधीच त्रिज्यांच्या मापात असेल तर या दोन्ही पायऱ्या गळून पडतात.

मैदानावर अंतराचे कंस आखलेले असतात, प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्याला अंदाज यावा म्हणून. ८० मीटरचा कंस केंद्रापासून ८८ मीटरवर, त्याची लांबी सुमारे ४४.५ मीटर. ९० मीटरचा कंस ९८ मीटरवर, लांबी ४९.५ मीटर. दर दहा मीटरला कंस ५.०५ मीटरने वाढतो, जवळ असो की लांब, वाढ तेवढीच. ही वाढ म्हणजे कोनच, फक्त दहाने गुणलेला. कुणी विचारलं की रेडियन डोळ्यांना दिसतो का, तर या दोन कंसांकडे बोट दाखवावं.

क्षेत्रफळाचं मात्र असं सरळ चालत नाही, आणि गंमत तिथेच आहे. पाकळी केंद्रापासून खूप बारीक बारीक फाकांमध्ये कापली असं समजा. प्रत्येक फाक जवळपास त्रिकोण आहे: शिरोबिंदू केंद्रात, पाया कंसाचा एक छोटा तुकडा, उंची त्रिज्येएवढी. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन. सगळ्या फाकांची उंची एकच, आणि सगळे पाये मिळून अख्खा कंस. फाका जितक्या बारीक तितकं हे ‘जवळपास’ नेमकं होत जातं. म्हणून पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्येचं अर्ध गुणिले कंस. कंसाच्या जागी त्रिज्या गुणिले कोन लिहिलं की अर्धा × त्रिज्येचा वर्ग × कोन. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाचा चौथा भाग गुणिले परीघ असं सांगितलं आहे. व्यासाचा चौथा भाग म्हणजे त्रिज्येचा अर्धा, तेव्हा हे आपल्या पाकळीचंच सूत्र, कोन पूर्ण फेरीएवढा धरलेला. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. खानदेशात जाणं झालं तर पाहण्यासारखा आहे.)

भालाफेकीच्या पाकळीला एक बारकावा आहे. पहिले आठ मीटर धावपट्टीचे, तिथे भाला पडण्याचा प्रश्न नाही. म्हणून शंभर मीटरपर्यंतच्या फेकींसाठी लागणारी जागा काढताना १०८ मीटर त्रिज्येच्या पाकळीतून आठ मीटर त्रिज्येची पाकळी वजा करायची. १०८ चा वर्ग ११६६४, आठचा ६४, फरक ११६००. त्याला ०.५०५४ च्या निम्म्याने, म्हणजे ०.२५२७ ने गुणलं की सुमारे २९३१ चौरस मीटर. गुंठ्यात सांगायचं तर एकोणतीस गुंठे, पाऊण एकराच्या थोडं आत.

हे एकोणतीस गुंठे सारखे वाटलेले नाहीत. पट्टीपासून पहिल्या दहा मीटरांत, म्हणजे केंद्रापासून ८ ते १८ मीटरच्या पट्ट्यात, जेमतेम ६६ चौरस मीटर येतात. ८० ते ९० मीटरच्या पट्ट्यात ४७० येतात. रुंदी तीच दहा मीटर, जागा सातपटींहून जास्त. हे ४७० वर्ग न करताही काढता येतात: पट्ट्याच्या आतल्या कंसाची लांबी ४४.५, बाहेरच्याची ४९.५, सरासरी ४७, गुणिले दहा. समलंब चौकोनासाठी वापरतो तीच रीत, आणि वळणदार पट्ट्यालाही ती अचूक लागू पडते, अंदाजापुरती नव्हे. वर्गांच्या वजाबाकीचे बेरीज आणि वजाबाकी असे दोन अवयव पडतात ना, त्याचा हा परिणाम. मला हे उत्तर सूत्रापेक्षा आवडतं, कारण टेप घेतलेल्या माणसाला ते वर्ग न काढता तपासता येतं.

नीरजने १६ मे २०२५ रोजी दोह्यात ९०.२३ मीटर फेक करून पहिल्यांदा नव्वदी ओलांडली. टोकियोपेक्षा २.६५ मीटर जास्त. पाकळीत मोजलं तर या दोन फेकींच्या कंसांमध्ये १३० चौरस मीटर जागा बसते, सव्वा गुंठ्याहून थोडी जास्त. त्रिज्या जवळपास पावणेतीन टक्क्यांनी वाढली की क्षेत्रफळ साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढतं. वर्गाचं असंच असतं, लहान वाढ झाली की टक्केवारी दुप्पट होते.

मैदान आखणाऱ्यांना याचा जाच होतो. १९८४ मध्ये बर्लिनला पूर्व जर्मनीच्या उवे होन याने १०४.८० मीटर भाला फेकला. त्याचा भाला केंद्रापासून ११२.८० मीटरवर होता, आणि तिथे पाकळीचा कंस ५७ मीटर लांब होतो. नेहमीच्या चारशे मीटरच्या ट्रॅकच्या आतली जागा ७३ मीटर रुंद असते आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळात निमुळती होत जाते. भाले टोकावर रुतण्याऐवजी आडवे पडत, त्यावरून पंचांचे वाद होत, शिवाय अशा फेकींना मैदानही अपुरं पडू लागलं होतं. पाकळीचा कोन तसाच ठेवून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला गेला, म्हणजे भाला लवकर नाक खाली करून खाली यावा. कंस त्रिज्येच्या पटीत वाढतो, तेव्हा त्रिज्या आवरली की रुंदीही आपोआप आवरते.

कंस त्रिज्येच्या पटीत वाढतो तसा आखणीतला चुकाराही वाढतो. समजा शाळेच्या मैदानावर फक्कीने पाकळी आखताना आठ मीटरवरची एक खूण एक सेंटिमीटर बाहेर पडली. तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ती रेषा तशीच पुढे ओढली तर ९० मीटरच्या कंसावर, म्हणजे ९८ मीटर त्रिज्येवर, ती सव्वाबारा सेंटिमीटर बाहेर असेल, कारण ९८ हे आठच्या सव्वाबारापट आहेत. पाकळीची रेषा स्वतः पाच सेंटिमीटर जाड असते, तेव्हा ही चूक अख्ख्या रेषेच्या दुपटीहून जास्त झाली. म्हणून जाणती माणसं जवळच्या खुणेवर विसंबून रेषा लांबवत नाहीत. आधी लांबच्या खुणा ठोकतात आणि दोरी तिथून केंद्रापर्यंत ताणतात.

लांबच्या खुणा तपासायला कोनमापक लागत नाही. केंद्रापासून दोन्ही रेषांवर चाळीस मीटर मोजा, दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर बरोबर वीस मीटर हवं. साठ मीटरवर तीस. जीवा त्रिज्येच्या निम्मी, हा या पाकळीचा जन्मापासूनचा गुण, आणि तो कुठल्याही अंतरावर टिकतो. समजा चाळीस मीटरवर वीसऐवजी २०.२० मीटर भरले. मग जीवेचं त्रिज्येशी प्रमाण ०.५०५ झालं आणि कोन ०.५१०५ रेडियन. फरक ०.००५२ रेडियन, ऐकायला क्षुल्लक. ९८ मीटरने गुणला की अर्धा मीटर. भाला त्या अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात पडला तर जी फेक बाद व्हायची ती ग्राह्य धरली जाईल, आणि त्या दिवशी मैदानावर कुणालाही ते कळणार नाही. एवढा फरक केंद्रापासून मोजलेला टेप सैल राहिल्यानेही पडू शकतो, आणि चाळीस मीटर केंद्रापासून न मोजता वक्र पट्टीपासून मोजले तर याहून खूप मोठा. दुसरी चूक सहज होते. तपासायला पट्टीपासून ३२ मीटर मोजले पाहिजेत, चाळीस नव्हे.

कागदावरच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या पकडायला सोप्या असतात. सर्वांत जास्त होणारी म्हणजे ‘त्रिज्या गुणिले कोन’ या सूत्रात अंश घालणं. ९५.५८ ला २८.९६ ने गुणलं की २७६८ मीटर येतात, पावणेतीन किलोमीटर रुंद भालाफेकीचं मैदान. उत्तर बरोबर उत्तराच्या सत्तावन्न पट आलं तर समजावं की अंश आणि रेडियन यांची गल्लत झाली आहे. दुसरी चूक कंसाच्या जागी जीवा धरण्याची. भालाफेकीत ती जेमतेम एक टक्क्याची, टोकियोच्या त्रिज्येवर कंस ४८.३० आणि जीवा ४७.७९. पण कोन वाढेल तशी ती झपाट्याने फुगते. अर्धवर्तुळात कंस व्यासाच्या दीडपटीहून मोठा असतो. तेव्हा टेपने सरळ मोजलेल्या अंतराला कंस म्हणायचं असेल तर कोन लहान आहे ना, हे आधी पाहावं. ही सगळी सूत्रं वर्तुळाच्या केंद्रातल्या कोनासाठी आहेत हेही खरं; कोनाचा शिरोबिंदू परिघावर असेल तर त्याच कंसासाठी तो निम्मा भरतो.

अंशांचा त्याग करून कंस आणि त्रिज्या एकाच मापात मोजायची कल्पना नवी नाही. इसवी सन ४९९ च्या ‘आर्यभटीया’त आर्यभटांनी परीघाचे २१६०० भाग केले, कोनाच्या कलांएवढे. मग त्याच कलांमध्ये त्रिज्या किती भरते, हे काढलं: ३४३८. त्यांनीच दिलेलं परीघ आणि व्यासाचं प्रमाण, २०००० व्यासाला ६२८३२ परीघ, वापरलं की हाच आकडा येतो. अर्धज्येची, म्हणजे आजच्या साइनची, सगळी कोष्टकं त्यांनी या त्रिज्येवर रचली. ३४३८ कला म्हणजे ५७ अंश १८ कला, आजचा एक रेडियनच. फरक इतकाच की त्यांनी कंसाचं माप त्रिज्येला लावलं आणि आपण त्रिज्येचं माप कंसाला लावतो. त्यांच्या कोष्टकातली पहिली अर्धज्या २२५ आहे, आणि तिचा कंसही २२५ कलांचाच. लहान कोनात कंस आणि सरळ रेषा एक होतात, हे भालाफेकीच्या एक टक्क्यात आपण पाहिलंच. युरोपात रॉजर कोट्सने १७१४ मध्ये हे माप स्पष्ट मांडलं, आणि ‘रेडियन’ हा शब्द १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या प्रश्नपत्रिकेत छापला गेला. प्रश्नपत्रिका काढणारे जेम्स थॉमसन हे लॉर्ड केल्विन यांचे भाऊ.

गोळाफेक, थाळीफेक आणि हातोडाफेक यांची पाकळी थोडी मोठी, ३४.९२ अंशांची. तिथेही आकडा अंशांत अवघड आणि मुळात सोपा: जीवा त्रिज्येच्या ०.६ पट. रेडियनमध्ये ०.६०९४. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं. गोळाफेकीत केंद्र म्हणजे फेकीच्या वर्तुळाचा मध्य आणि वजा करायची त्रिज्या १.०६७५ मीटर, कारण ते वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं असतं. तेव्हा त्यांचा गोळा मध्यापासून १७.३९ मीटरवर पडला, आणि तिथे पाकळीचा कंस १०.६ मीटरचा होता.

शाळेत गोळाफेकीचं मैदान आखायचं असेल तर अंशांच्या वाटेला जाऊ नका. वर्तुळाच्या मध्याला खिळा ठोका, दोन दोऱ्या वीस-वीस मीटर ताणा, आणि त्यांच्या टोकांमध्ये बारा मीटर येईपर्यंत त्या उघडा. कोन बरोबर आला. मग खात्रीसाठी दहा मीटरवर सहा मीटर भरतात का ते पाहा, आणि त्यानंतरच फक्की ओता.